दादाचा डिव्हिडंड, ताईचा ग्रोथ

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आतेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. त्याच्या म्युच्युअल फंडाने डिव्हिडंड दिला होता. युनिटमागे २ रुपये, त्याची युनिटं ४० हजार, म्हणजे ८० हजार यायला हवे होते. पासबुकात आले ७२ हजार. "आठ हजार कुणी खाल्ले?" हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून चिडका होता: "आणि फंडाची किंमत पण खाली आली. काल साडेसत्तावीस होती, आज साडेपंचवीस. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं की काय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच दिलं होतं, फक्त रागाच्या भरात ते त्याच्या लक्षात आलं नाही. अगदी तेच झालं होतं.

आमच्या घरातलं हे उदाहरण समजावायला फार सोयीचं आहे, कारण त्यात तुलना आयती मिळते. आजोबांचा प्लॉट विकल्यावर दादा आणि ताई, दोघा भावंडांना वाटणीचे पैसे आले. दोघांनी १०-१० लाख एकाच दिवशी एकाच इक्विटी योजनेत टाकले. दोघंही नोकरदार, दोघांचंही घरकर्ज चालू, दोघंही जुन्या करप्रणालीत आणि दोघांचंही करपात्र उत्पन्न १० लाखांच्या वर, म्हणजे ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. फरक एवढाच की फॉर्म भरताना दादाने डिव्हिडंड पेआउटवर खूण केली आणि ताईने ग्रोथवर. हिशोब कळावा म्हणून खालचे आकडे मी गोल केले आहेत. करनियम आहेत आर्थिक वर्ष २०२५-२६ चे.

एकच हंडी, दोन वाट्या

आधी एक गैरसमज दूर करू. ग्रोथ आणि डिव्हिडंड हे दोन वेगळे फंड नाहीत. योजना एकच, फंड मॅनेजर एकच, शेअर तेच. सगळ्यांचे पैसे एकाच हंडीत शिजतात. ग्रोथवाल्याला जेवढे टक्के वाढ मिळते तेवढीच डिव्हिडंडवाल्यालाही मिळते. वेगळं असतं ते एवढंच, की ग्रोथमध्ये नफा आतच राहतो आणि एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, वाढत जाते. डिव्हिडंडमध्ये अधूनमधून नफ्याचा काही भाग बाहेर काढून वाटला जातो आणि जेवढा वाटला तेवढी एनएव्ही त्या दिवशी खाली येते.

म्हणूनच जुन्या योजनेत ग्रोथची एनएव्ही नेहमी जास्त दिसते आणि डिव्हिडंडची कमी. ताईने घेतलं तेव्हा ग्रोथचा भाव १०० होता, डिव्हिडंडचा २५. ताईला १० हजार युनिटं मिळाली, दादाला ४० हजार. दादाला तेव्हा वाटलं होतं की आपण स्वस्तात घेतलं, शिवाय युनिटंही चौपट मिळाली. हा मोह मी बऱ्याच लोकांत पाहिला आहे. पण दहा लाखांचा माल दोघांकडे सारखाच होता. शंभराची एक नोट आणि पंचवीस-पंचवीसच्या चार चिठ्ठ्या, एवढाच तो फरक. २५ चा भाव 'स्वस्त' नव्हता. त्या पर्यायातून पूर्वी भरपूर वाटप होऊन गेलं होतं म्हणून तो २५ होता.

वर्ष उलटून गेलं. योजना १० टक्के वाढली. ग्रोथची एनएव्ही ११० झाली, डिव्हिडंडची साडेसत्तावीस. दोघांची पुंजी बरोबर ११-११ लाख. इथपर्यंत पैशाचाही फरक नाही.

मग फंडाने युनिटमागे २ रुपये जाहीर केले. त्यासाठी एक तारीख ठरलेली असते, तिला रेकॉर्ड डेट म्हणतात. त्या दिवशी ज्याच्या नावावर युनिटं असतील त्याला पैसे मिळतात, आणि सेबीच्या नियमानुसार रेकॉर्ड डेटपासून कामकाजाच्या ७ दिवसांत ते द्यावे लागतात. दादाच्या वाट्याला ८० हजार आले आणि एनएव्ही साडेपंचवीसवर आली. ४० हजार युनिटं गुणिले साडेपंचवीस म्हणजे १० लाख २० हजार. त्यात हातातले ८० हजार मिळवले की पुन्हा ११ लाख. नवीन पैसा कुठूनही आलेला नाही. जो त्याच्याच फंडात होता तो त्याच्याच बँकेत आला. बँकेच्या व्याजासारखं हे मुद्दलाच्या वर मिळालेलं काही नव्हे.

त्याच आठवड्यात ताईलाही ८० हजारांची गरज होती. तिने ११० च्या भावाने ७२७.२७ युनिटं विकली. तिच्याकडे उरली ९,२७२.७३ युनिटं, त्यांची किंमत तीच १० लाख २० हजार. म्हणजे दोघांच्या हातात ८० हजार आणि दोघांच्या फंडात १० लाख २० हजार. अजूनही फरक नाही.

फरक पडला तो आयकर विवरणपत्र भरताना.

कर कशावर लागतो

दादाला मिळालेल्या ८० हजारांना करखातं डिव्हिडंड म्हणतं. ते 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' या सदरात जातं आणि पगारात मिळवून त्याच्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो. पूर्ण ८० हजारांवर. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण ३१.२ टक्के: २४,९६० रुपये. त्यातले ८ हजार फंड कंपनीने आधीच टीडीएस म्हणून कापले होते. एका फंड कंपनीकडून वर्षभरात १० हजारांच्या वर डिव्हिडंड मिळाला की १० टक्के टीडीएस कापला जातो (२०२४-२५ पर्यंत ही मर्यादा ५ हजार होती). दादाचे 'कुणीतरी खाल्लेले' आठ हजार ते हेच. त्याच्याच पॅनवर ते जमा होते. पण ते कळल्यावर त्याला झालेलं समाधान फार टिकलं नाही, कारण आणखी १६,९६० भरायचे बाकी आहेत हेही मला सांगावं लागलं.

बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. टीडीएस कापला म्हणजे कर संपला असं समजून डिव्हिडंड विवरणपत्रात दाखवतच नाहीत. तो वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे पोर्टलवरच्या AIS मध्ये, फंडाच्या नावासकट दिसत असतो. नंतर नोटीस येते आणि व्याजासकट भरावं लागतं.

आता ताईकडे बघू. तिने ८० हजारांची युनिटं विकली, पण तिच्या बाबतीत ८० हजार हे उत्पन्न नाही, ती विक्री आहे. विक्रीत खरेदीची किंमत वजा होते. ७२७.२७ युनिटं तिने १०० ने घेतली होती, म्हणजे त्यांचं मुद्दल ७२,७२७ रुपये. नफा फक्त ७,२७३. युनिटं वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेली असल्यामुळे हा दीर्घकालीन भांडवली नफा झाला. इक्विटी योजनेत असा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे. ताईचा कर शून्य. समजा तिने ही सव्वा लाखाची सवलत दुसरीकडे आधीच वापरून टाकली असती, तरी साडेबारा टक्के अधिक सेस, म्हणजे १३ टक्क्यांनी ९४५ रुपये लागले असते.

एकाच योजनेतून सारखेच पैसे काढण्यासाठी दादाला २४,९६० आणि ताईला शून्य, फार तर ९४५. कराचा दर वेगळा आहे हे याचं एक कारण, पण ते दुय्यम. मुख्य कारण हे की दादाच्या पूर्ण ८० हजारांवर कर लागला आणि ताईच्या ८० हजारांपैकी फक्त ७,२७३ वर. ताईने वर्षाच्या आत विकलं असतं आणि अल्पकालीन नफ्याचा २० टक्के दर लागला असता, तरी सेससकट कर १,५१३ रुपयेच झाला असता. त्यात वर्षाच्या आत काढल्याबद्दल अनेक इक्विटी योजना जो १ टक्का एक्झिट लोड घेतात तो धरला तर आणखी ८०० रुपये. तरीसुद्धा दादाच्या जवळपास फिरकत नाही.

ताईचा कर माफ झाला असं मात्र समजू नका. तिच्या उरलेल्या ९,२७२.७३ युनिटांत दर युनिटाला १० रुपये नफा दडलेला आहे, एकूण ९२,७२७ रुपये. तो ती ज्या वर्षी काढेल त्या वर्षी कर खात्यासमोर येईल. दादाकडे आता फक्त अर्ध्या रुपयाचा नफा उरला आहे, ४० हजार युनिटांवर २० हजार. बेरीज करून बघा: दादाचे ८० हजार आणि २० हजार मिळून १ लाख. ताईचे ७,२७३ आणि ९२,७२७ मिळूनही १ लाखच. नफा दोघांचा तेवढाच. त्यातला किती, कधी आणि कुठल्या दराने करात घ्यायचा हे ताई ठरवू शकते. दादाच्या बाबतीत ते फंड कंपनीच्या विश्वस्तांनी ठरवलं, आणि ज्या वर्षी त्याला पैशाची गरजही नव्हती त्या वर्षी ठरवलं.

नाव का बदलावं लागलं

आज कुठल्याही ॲपवर गेलात तर 'डिव्हिडंड' हा शब्द सापडणार नाही. त्याजागी IDCW असं दिसतं. सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये परिपत्रक काढलं आणि १ एप्रिल २०२१ पासून हे नाव लागू केलं. मराठीत सांगायचं तर 'उत्पन्नाचं वाटप आणि सोबत भांडवल काढून घेणं'. नाव जीभ अडखळावी असं आहे, पण प्रामाणिक आहे. त्यातला 'भांडवल काढून घेणं' हा तुकडा लोकांनी वाचावा म्हणूनच सगळा खटाटोप झाला.

भांडवल कुठून आलं? फंडाला वाटप करायचं तर ते प्रत्यक्ष विक्री करून कमावलेल्या नफ्यातूनच करता येतं. शेअरचा भाव वाढला पण शेअर अजून विकलेला नाही, तर तो कागदावरचा नफा वाटता येत नाही. इथवर ठीक. पण नवीन माणूस योजनेत येतो तेव्हा काय होतं ते बघा. युनिटची दर्शनी किंमत १० रुपये असते. तो साडेसत्तावीस रुपये देऊन युनिट घेतो. वरच्या साडेसतरा रुपयांपैकी जेवढा भाग फंडाच्या आधीच कमावलेल्या नफ्याचा, तेवढा एका वेगळ्या खात्यात जमा होतो. त्याला समानीकरण राखीव निधी म्हणता येईल. आणि त्यातूनही वाटप करता येतं. म्हणजे नवीन माणसाने काल खिशातून घातलेले पैसे आज 'डिव्हिडंड' म्हणून त्यालाच परत मिळू शकतात.

हे फार खरं वाटत नाही म्हणून आकड्यांत मांडतो. दादाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने रेकॉर्ड डेटच्या दोनच दिवस आधी याच पर्यायात १० लाख टाकले असं समजा. 'डिव्हिडंड येतोय, घेऊन टाक' असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं. साडेसत्तावीसच्या भावाने त्याला सुमारे ३६,३६४ युनिटं मिळाली. दोन दिवसांत ७२,७२७ रुपये डिव्हिडंड आला आणि उरलेल्या युनिटांची किंमत झाली ९,२७,२७३. त्याने कमावलं काय? शून्य. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. पण व्यवहारात ही सगळी रक्कम डिव्हिडंड म्हणूनच धरली जाते, आणि तो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर २२,६९१ रुपये कर देऊन मोकळा होतो. स्वतःच्याच मुद्दलावर. उरलेली युनिटं त्याच भावाने विकली तर ७२,७२७ चा भांडवली तोटा दिसेल खरा, पण तो पगारातून किंवा या डिव्हिडंडमधून वजा होत नाही. दुसरा कुठला भांडवली नफा असेल तरच त्याच्याशी जुळवता येतो, नाहीतर ८ वर्षं पुढे ओढत न्यायचा.

सेबीने फंडांना आणखी एक गोष्ट बंधनकारक केली. जेव्हा वाटप होईल तेव्हा त्यातला किती भाग नफ्याचा आणि किती या राखीव निधीतला, म्हणजे भांडवलाचा, हे एकत्रित खाते विवरणात वेगळं दाखवायचं. ते विवरण ईमेलवर येतं. उघडून तो रकाना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तुम्ही बघा.

जुनी सवय कुठून आली

दादाला दोष देण्यात अर्थ नाही. डिव्हिडंड घ्यायचा सल्ला एके काळी अगदीच चुकीचा नव्हता. ३१ मार्च २०२० पर्यंत डिव्हिडंड गुंतवणूकदाराच्या हातात करमुक्त होता. फंड कंपनी वाटप कर भरायची आणि उरलेलं द्यायची. इक्विटी फंडांवर हा वाटप कर २०१८ च्या एप्रिलपर्यंत नव्हताच. नंतर तो लागला, प्रत्यक्षात ११.६४८ टक्के. कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या डेट फंडांवर तो घरगुती गुंतवणूकदारासाठी २९.१२ टक्के होता. तरी खात्यात येणारी रक्कम 'टॅक्स फ्री' म्हणून सांगता यायची, आणि लोकांना तेवढंच ऐकायचं असायचं.

२०१६-१७ च्या सुमाराला तर बॅलन्स्ड फंड 'दरमहा एक टक्का डिव्हिडंड' म्हणून विकले जात होते. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त काकांनी मुदत ठेव मोडून त्यात पैसे घातले. विकणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं की १० लाखांवर महिना दहा हजार येणार, पेन्शनसारखे. काही महिने आलेही. मग बाजार पडला, कर लागला, वाटप आठावर आलं, पुढे सहावर. काका मला विचारायचे की फंड कंपनीने कबूल केलेले पैसे द्यायला नको का? कबूल कुणीच केलेलं नव्हतं. डिव्हिडंड द्यायचा की नाही, किती आणि कधी, हे पूर्णपणे विश्वस्तांच्या हातात असतं. योजनेच्या कागदपत्रांत ते लिहिलेलं असतं. आणि फंडाने वर्षाला ९ टक्के कमावले पण १२ टक्के वाटले, तर वरचे ३ टक्के काकांच्याच मुद्दलातून येत होते. एनएव्ही घसरत होती ती त्यामुळेही.

१ एप्रिल २०२० पासून वाटप कर गेला आणि कर थेट घेणाऱ्याच्या डोक्यावर आला. नियम बदलला, फॉर्मवरची खूण मात्र तशीच राहिली.

याहून वाईट स्थिती तिसऱ्या पर्यायाची, म्हणजे डिव्हिडंड पुन्हा त्याच योजनेत गुंतवण्याची. त्यात हातात दमडी येत नाही, टीडीएस कापून उरलेल्या पैशांची नवी युनिटं मिळतात, त्यावर नाममात्र का होईना मुद्रांक शुल्क लागतं, आणि कर मात्र पूर्ण रकमेवर खिशातून भरायचा. आजच्या नियमांत हा पर्याय कुणी का घ्यावा याचं एकही चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

मग पेआउट कुणाला चालतो

ज्याला कर लागतच नाही त्याला. आमच्या काकांचंच घ्या. त्यांची पेन्शन आणि व्याज मिळून उत्पन्न ७ लाखांच्या आत आहे आणि ते नव्या करप्रणालीत आहेत. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, आणि डिव्हिडंड हे स्लॅबचं उत्पन्न असल्यामुळे तोही त्या सुटीत बसतो. त्यांना ८० हजार डिव्हिडंड आला तरी कर शून्य. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो. किंवा ६० च्या वरच्या माणसाने वर्षाच्या सुरुवातीलाच १५एच फॉर्म दिला तर तो कापलाच जात नाही. साठीच्या आतल्या माणसाचा १५जी फॉर्म आहे, पण त्याला अट कडक आहे: कर शून्य असून भागत नाही, असं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावं लागतं. हा फरक माहीत नसल्याने अनेक जण चुकीने १५जी भरतात.

गंमत अशी की याच माणसाला ग्रोथमध्ये एक खाच आहे. इक्विटी फंडातला सव्वा लाखाच्या वरचा दीर्घकालीन नफा विशेष दराचा असल्याने १२ लाखांची ती सूट त्याला लागू नाही. म्हणजे उत्पन्न ७ लाख असलेल्या काकांनी एका वर्षी घर दुरुस्तीसाठी ग्रोथमधून मोठी रक्कम काढली आणि नफा ३ लाख झाला, तर वरच्या पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के कर लागेलच. तो बराचसा टाळायचा तर मार्चमध्ये थोडं आणि एप्रिलमध्ये थोडं असं दोन आर्थिक वर्षांत काढावं.

दुसरे म्हणजे काही न्यास. त्यांच्या घटनेत मूळ निधीला हात लावायचा नाही, फक्त उत्पन्न खर्च करायचं असं लिहिलेलं असतं. युनिटं विकणं म्हणजे मूळ निधी मोडणं, असा अर्थ लावला गेला तर त्यांना पेआउटच सोयीचा.

बाकीच्यांना दरमहा पैसे हवे असतील तर ग्रोथ घेऊन त्यातून ठरावीक रक्कम दरमहा काढायची सूचना देता येते. तिला एसडब्ल्यूपी म्हणतात. ताईने एकदा केलं तेच दर महिन्याला आपोआप होतं: युनिटं विकली जातात, सगळ्यात आधी घेतलेली आधी. तारीख आणि रक्कम आपण ठरवायची. मात्र यातही काकांचीच चूक पुन्हा करता येते. ११० च्या भावाला दहा हजार काढायला सुमारे ९१ युनिटं जातात. बाजार पडून भाव ८८ वर आला की त्याच दहा हजारांना जवळजवळ ११४ युनिटं जातात. पेआउटमध्ये पडत्या बाजारात विश्वस्त हात आखडता घेतात आणि नाइलाजाने का होईना तुमची युनिटं वाचतात. एसडब्ल्यूपीमध्ये हात आखडायचं काम तुम्हालाच करावं लागतं. योजना सरासरी जेवढी वाढेल त्याहून जास्त काढत राहिलात तर खात्यातली युनिटं संपतील, कर कितीही कमी लागो.

डेट फंडांबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांत ग्रोथचा नफाही स्लॅबच्याच दराने करपात्र आहे, कितीही वर्षं ठेवा. त्यामुळे दराचा फायदा संपला. पण कर फक्त नफ्याच्या भागावर, आणि तो काढाल त्या वर्षी, हा फायदा तसाच आहे. आज ३० टक्क्यांत असलेला आणि चार वर्षांनी निवृत्त होणारा माणूस नफा आतच ठेवून निवृत्तीनंतर काढू शकतो. दरमहा पेआउट घेणाऱ्याला ही सोय नाही.

दादाने काय केलं

हे सगळं सांगून झाल्यावर दादा म्हणाला, "मग उद्याच ग्रोथमध्ये टाक." ॲपवर हे एका बटणाचं काम आहे, त्याला स्विच म्हणतात. योजना तीच, फंड कंपनी तीच, पैसे बँकेतही येत नाहीत. तरी करखात्याच्या दृष्टीने ही पूर्ण विक्री आणि पूर्ण नवी खरेदी असते. म्हणून आधी तीन गोष्टी बघितल्या. पहिली, वर्ष पूर्ण झालं आहे का. झालं होतं, त्यामुळे नफा दीर्घकालीन, आणि एक्झिट लोडही नाही. दुसरी, नफा किती. भाव साडेपंचवीस, खरेदी २५ ची, नफा २० हजार. सव्वा लाखाच्या आत, कर शून्य. जुन्या गुंतवणुकीत हा आकडा मोठा निघाला असता तर स्विच दोन-तीन आर्थिक वर्षांत वाटून केला असता. तिसरी, नजीकच्या काळात कुठली रेकॉर्ड डेट आहे का. असती तर तिच्या आधीच स्विच करायचा, म्हणजे जो पैसा डिव्हिडंड होऊन ३१.२ टक्क्यांत जाणार तो भांडवली नफा म्हणून राहतो. दादाच्या बाबतीत ही गोष्ट हुकलेली होती.

एक तोटा असतो तो त्याला आधीच सांगितला: स्विच केल्यावर वर्षाचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. पुढच्या बारा महिन्यांत पैसे लागले तर अल्पकालीन दर आणि योजनेत असेल तर एक्झिट लोडही लागेल. लगेच लागणारे पैसे त्यामुळे स्विच करायचे नसतात. दादाला लागणार नव्हते.

१० लाख २० हजारांचा स्विच झाला. त्यातून १० रुपये रोखे व्यवहार कर आणि ५१ रुपये मुद्रांक शुल्क गेलं. भाव ११० च धरला तर दादाच्या नावावर ग्रोथची ९,२७२.१७ युनिटं आली. ताईकडे ९,२७२.७३ आहेत. अर्ध्या युनिटाचा फरक. दादाची खरेदी किंमत आता ११० धरली जाईल आणि ताईची १०० च राहील, त्यामुळे पुढे कधीतरी ताईला त्या ९२,७२७ वर कर द्यायची वेळ येऊ शकते. सगळाच्या सगळा एकाच वर्षी, सवलत संपलेली असताना काढला तरी तो १२,०५४ रुपये होतो. दरवर्षी सव्वा लाखाच्या आत राहून काढत गेली तर काहीच नाही.

दादाचे २४,९६० मात्र गेले. त्यातले १६,९६० त्याने अजून भरायचे आहेत, आणि त्यासाठी कुठली युनिटं विकू, असं त्याने मला परवा विचारलं. मी त्याला आठवण करून दिली की ते ७२ हजार अजून त्याच्या बचत खात्यात तसेच पडून आहेत.